घोरणारा माणूस आणि बोटावरचे यंत्र

घोरता घोरता माणूस एकदम गप्प होतो, मग दचकून श्वास ओढतो. अशा वेळी घरचे त्याला उठवून बोटाला ऑक्सिमीटर लावतात. आकडा ९७ दिसतो. पण जाग येताच श्वास मोकळा होऊन प्राणवायू मिनिटभरात भरून येतो, आणि मधली घसरण नजरेतून सुटते. मोबाईलवरचे अ‍ॅप तर बहुधा नुसता आवाज ऐकते. श्वास अडकलेली शांतता त्याला गाढ झोपच वाटू शकते! उलट, गार बोटावर यंत्र उगाच ८५ दाखवू शकते. हात चोळून ऊब आणावी व मनगटाची नाडी मोजावी. यंत्रावरच्या ठोक्यांशी ती जुळली नाही, तर प्राणवायूचा आकडाही धरू नये. दिवसा झोप अनावर होत असेल, तर ९७ पाहूनही आम्ही डॉक्टरांकडून रात्रभराची झोपतपासणी करून घ्या असेच सांगू.