शेवटच्या कॅमेऱ्यापर्यंत किती व्होल्ट पोहोचतात?

वऱ्हाडातील शेतकऱ्याला विजेच्या दाबाचा प्रश्न नव्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रोहित्राजवळच्या विहिरीवरील पंप जोमाने पाणी उपसतो आणि त्याच तारेच्या टोकाला असलेल्या शेतातील पंप मात्र नुसता गुरगुरतो, हा अनुभव अकोला व अमरावती जिल्ह्यांतील गावोगावी सर्वांच्या परिचयाचा आहे. तार जितकी लांब आणि बारीक, तितका टोकाला पोहोचणारा दाब कमी. शाळा, ग्रामपंचायत कार्यालये व बाजार आवारे यांतून बसविलेल्या निगराणी कॅमेऱ्यांच्या बाबतीत नेमका हाच प्रकार घडतो. फरक इतकाच की, पंपाचे गुरगुरणे ऐकू येते आणि कॅमेऱ्याचे दुखणे बहुधा घटना घडून गेल्यावर, चित्रण पाहावयास घेतले असता उघडकीस येते.

राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये शाळांच्या आवारात असे कॅमेरे बसविण्यासंबंधी निर्णय काढल्यानंतर मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समित्यांपुढे हा विषय प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपात आला. कॅमेरे बसविले गेले, पडद्यावर चित्रे दिसू लागली, देयके अदा झाली. पुढे काही ठिकाणी एक विशिष्ट तक्रार येते. फाटकावरील कॅमेरा दिवसभर उत्तम चालतो. परंतु दिवेलागणीच्या सुमारास त्याचे चित्र नाहीसे होते, मिनिटाभराने परत येते आणि पुन्हा नाहीसे होते. अन्यत्र चित्र टिकते, पण रात्री ते इतके अंधुक असते की, मनुष्याची आकृती दिसली तरी चेहरा ओळखता येत नाही. कॅमेरा सदोष समजून बदलला जातो आणि नवा कॅमेराही तसाच वागतो. कारण दोष कॅमेऱ्यात नसून त्याच्याकडे जाणाऱ्या तारेत असतो.

बारा व्होल्टचा हिशेब

या कॅमेऱ्यांपैकी बरेचसे बारा व्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहावर चालतात. कार्यालयात बसविलेला वीजपुरवठा संच २३० व्होल्टचे बारा व्होल्ट करतो आणि तेथून दोन तारा कॅमेऱ्यापर्यंत जातात. तारेला स्वतःचा रोध असतो. तिच्यातून जितका प्रवाह वाहील, त्या प्रमाणात काही व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. २३० व्होल्टच्या घरगुती तारेत तीन व्होल्ट खर्ची पडले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. बारांतून तीन गेले तर चौथा हिस्सा गेला. कमी दाबाच्या पुरवठ्याची खरी अडचण हीच आहे.

उदाहरणादाखल अकोला जिल्ह्यातील एखादी जिल्हा परिषद शाळा घ्यावी. मुख्याध्यापकांच्या खोलीपासून भिंतीकडेने फाटकापर्यंत तारेची लांबी ८० मीटर भरते. प्रवाह एका तारेने जातो व दुसरीने परत येतो. म्हणून हिशेबात १६० मीटर धरावयाचे. ही दुप्पट विसरणे ही या कामातील सर्वांत सामान्य चूक होय. तार अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची, बहुतंतू तांब्याची आहे. अशा तारेचा रोध प्रमाणानुसार एका किलोमीटरला जास्तीत जास्त ३९ ओहम असतो. त्यावरून १६० मीटरला सुमारे सव्वासहा ओहम होतात.

दिवसा हा कॅमेरा तीन वॉट वीज घेतो असे समजू. बारा व्होल्टला त्याचा प्रवाह पाव अँपिअर होतो, आणि तारेत दीड व्होल्टहून थोडे अधिक खर्ची पडतात. कॅमेऱ्यापाशी दहा व्होल्टच्या किंचित वर दाब उरतो. त्यावर कॅमेरा निभावून नेतो आणि दिवसाची पाहणी समाधानकारक ठरते.

अंधार पडताच कॅमेऱ्यातील डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे दिवे लागतात आणि गरज सहा वॉटवर जाते. बारा व्होल्टला याचा प्रवाह अर्धा अँपिअर होतो. तारेत ३.१ व्होल्ट खर्ची पडून ८.९ उरतात. परंतु हिशेब येथे संपत नाही. आतील विद्युत रचना दाब घटला तरी आपले सहा वॉट सोडत नाही. दाब कमी झाला की ती अधिक प्रवाह ओढते. ८.९ व्होल्टला सहा वॉटसाठी ०.६७ अँपिअर लागतात. त्यामुळे तारेतील घट ४.२ व्होल्ट होते व ७.८ उरतात. मग आणखी प्रवाह, आणखी घट. ही उतरण कोठेच थांबत नाही. सव्वासहा ओहमच्या तारेतून बारा व्होल्टवर पलीकडच्या टोकाला पावणेसहा वॉटच्या आसपासच वीज पोहोचू शकते. सहा वॉट मागणाऱ्या यंत्राला ती कधीही पुरी पडणार नाही.

परिणामी कॅमेरा बंद पडतो. बंद पडताच प्रवाह थांबतो, तारेतील घट नाहीशी होते आणि टोकाला पुन्हा बारा व्होल्ट येतात. कॅमेरा जागा होतो, अंधार पाहून दिवे लावतो आणि पुन्हा कोसळतो. संध्याकाळनंतर चालणाऱ्या या खेळाचे मूळ येथे आहे.

अंधुक चित्राचे कारण

काही कॅमेऱ्यांत अवरक्त दिव्यांची रचना साधी असते. दिव्यांची माळ आणि तिच्या जोडीला प्रवाह मर्यादित ठेवणारा एक रोधक, इतकेच. अशा माळेत समजा सहा दिवे आहेत आणि प्रत्येकाला १.४ व्होल्ट लागतात. मिळून ८.४ व्होल्ट झाले. बारांतील उरलेले ३.६ व्होल्ट रोधकावर पडतात आणि त्यावरून दिव्यांचा प्रवाह ठरतो. आता टोकाला साडेनऊच व्होल्ट पोहोचले, तर दिव्यांचा वाटा जवळजवळ तेवढाच राहतो आणि रोधकाच्या वाट्याला १.१ व्होल्ट येतात. म्हणजे प्रवाह, आणि त्याबरोबर प्रकाश, एकतृतीयांशाहूनही कमी होतो. दाब पाचव्या हिश्शाने घटला, पण उजेड दोनतृतीयांशाने गेला. कॅमेरा चालू असतो, चित्रणही होत असते, पण वाहनाचा क्रमांक वा चेहरा त्यात सापडत नाही.

अंधुकपणाची अन्य कारणेही असतात. काचेवर बसलेली धूळ, कोळ्याचे जाळे आणि जिनिंग कारखान्याच्या किंवा कापूस बाजाराच्या आवारात चिकटणारे सरकीचे तंतू हेही रात्रीचे चित्र पांढुरके करतात. म्हणून प्रथम काच पुसावी व मगच दाब मोजावा.

वऱ्हाडातील उन्हाळा आणि तारेची निवड

तांबे तापले की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. अकोला व अमरावतीचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जाणारा. टिनाच्या छपरावरून नेलेली तार त्याहूनही अधिक तापते. ती ६० अंशांवर गेली तर २० अंशांच्या मानाने रोध सुमारे १६ टक्के वाढतो, आणि दिवेलागणीला, दिवे पेटण्याच्या वेळी, तार पुरती निवलेली नसते. हिवाळ्यात जेमतेम चालणारा कॅमेरा उन्हाळ्यात रुसतो, त्याचे हे एक कारण आहे.

याहून मोठा घोटाळा तारेच्या धातूचा असतो. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी तार स्वस्तात मिळते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. चाकूने तंतू खरवडला असता आत पांढरी चमक दिसली, तर ती तार तांब्याची नव्हे. पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोडही पावसाळ्यात गंजतो आणि आपला रोध वाढवितो.

दोष ओळखावा कसा

सर्वच कॅमेरे एकाच वेळी बंद पडत असतील तर पुरवठा संच किंवा गावची वीज तपासावी. सर्वांत दूरचा एकच कॅमेरा, तोही अंधार पडल्यावर बंद पडत असेल, तर संशय तारेवर घ्यावा. खात्रीसाठी साध्या मल्टिमीटरने कॅमेऱ्याच्या टोकाला दाब मोजावा. मात्र कॅमेरा जोडलेला असताना. कॅमेरा सोडवून मोजल्यास प्रवाह वाहत नाही, घट होत नाही आणि अगदी वाईट तारही पूर्ण बारा व्होल्ट दाखविते. ‘टोकाला बारा व्होल्ट येतात’ हा कारागिराचा निर्वाळा पुष्कळदा अशाच मोजणीवर आधारलेला असतो. मोजताना कॅमेऱ्याचा प्रकाशसंवेदक हाताने झाकावा म्हणजे दिवसाही रात्रीचे दिवे पेटतात आणि खरा आकडा समोर येतो. दुसरी कसोटी अशी की, तोच कॅमेरा काढून पुरवठा संचाजवळ हातभर तारेवर अंधारात चालवून पाहावा. तेथे तो नीट चालला तर कॅमेरा निर्दोष आहे.

उपाय

पहिला उपाय जाड तारेचा. त्याच शाळेत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली तर रोध २.१ ओहमवर येतो आणि रात्रीही कॅमेऱ्यापाशी १०.८ व्होल्ट राहतात. अडीच चौरस मिलिमीटरला हा आकडा ११.३ होतो. दुसरा उपाय म्हणजे २३० व्होल्टची वीज फाटकापर्यंत नेऊन पुरवठा संच तेथेच जलरोधक पेटीत बसविणे. हे काम परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावे आणि ही तार चित्राच्या तारेपासून वेगळी न्यावी. कार्यालयातील संचाचा दाब बारावरून वाढविणे हा सोपा वाटणारा मार्ग मात्र जपून वापरावा. कारण त्याच संचावरील जवळच्या कॅमेऱ्यांना तो वाढीव दाब जसाच्या तसा मिळतो व ते निकामी होण्याचा संभव असतो.

तिसरा उपाय मुळावर घाव घालणारा आहे. संगणक जाळ्याच्या तारेतूनच वीज पुरविणाऱ्या पद्धतीत दाब ४८ व्होल्टच्या आसपास असतो. दाब चौपट म्हणजे तेवढ्याच विजेसाठी प्रवाह एकचतुर्थांश, आणि तारेत वाया जाणारी वीज सोळावा हिस्सा. ८० मीटरवर सहा वॉटसाठी सव्वा व्होल्टच्या आसपास घट होते व ती ४८ मधून होते. या पद्धतीला त्या जातीचे कॅमेरे लागतात आणि तारेची मर्यादा १०० मीटरची आहे. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेले वीजकेंद्र सुमारे ११० व्होल्टच्या एकदिश प्रवाहामुळे जवळपासच्या वस्तीपुरतेच राहिले. दूर वीज न्यावयाची तर दाब वाढवावा लागतो, हा धडा तेव्हापासूनचाच आहे.

काम सोपविणाऱ्या ग्रामपंचायतीने वा शाळेने कार्यादेशात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: तारेचा धातू शुद्ध तांबे, तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये, आणि सर्वांत दूरच्या कॅमेऱ्यापाशी, कॅमेरा जोडलेला व रात्रीचे दिवे पेटलेले असताना, दाब किमान साडेदहा व्होल्ट. हा आकडा मोजमाप पुस्तिकेत नोंदविल्यानंतरच देयक मंजूर करावे. त्यासाठी पाहणी दुपारी न करता दिवेलागणीनंतर करावी लागेल.