जुन्या बाजारातली पहिली इलेक्ट्रिक गिटार : खर्च नेमका किती?

वारज्यात राहणाऱ्या अकरावीतल्या एका मुलीने पुण्याच्या जुन्या बाजारातून पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतली, त्याचा हा हिशेब. सोसायटीतल्या दोन मुलांची शिकवणी घेऊन ती महिन्याला 800 रुपये बाजूला टाकत होती. दहा महिन्यांचे 8,000 आणि भाऊबीजेचे 1,500 मिळून 9,500 रुपये जमले. मात्र एवढ्या रकमेची गिटार घ्यायची नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं, आणि तेच बरोबर होतं. जुन्या गिटारवर नंतर खर्च होतोच. त्यासाठी जमलेल्या पैशांतला निदान तिसरा हिस्सा राखून ठेवावा.

तिची पहिली खरेदी गिटारची नव्हती. तिने आधी हेडफोन अ‍ॅम्प घेतला, 1,700 रुपयांना. हा काड्यापेटीएवढा, बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प थेट गिटारच्या जॅकमध्ये बसतो आणि आवाज इअरफोनमध्ये ऐकू येतो. रस्त्यावरच्या स्टॉलवर वीज नसते. विक्रेता "चालू आहे" म्हणतो आणि आपण विश्वास ठेवतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा नुसत्या छेडून आतलं वायरिंग चांगलं आहे की मेलेलं, ते कळत नाही. अ‍ॅम्प खिशात असला की जागच्या जागी कळतं, आणि पुढे घरी सरावालाही तोच कामाला येतो.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी सकाळी तिला एका स्टॉलवर तीन पिकअपची काळी गिटार दिसली. किंमत सांगितली 7,000. तिने आधी नेक पाहिली, कारण खरा धोका तिथेच असतो. सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबायची. मग ती तार पट्टीसारखी सरळ होते. मध्ये, सातव्या फ्रेटच्या आसपास, तार आणि फ्रेट यांच्यात एका व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असली तर ठीक. तिने वडिलांचं कार्ड सरकवून पाहिलं, तर दोन कार्डं सहज जात होती. म्हणजे तारांच्या ओढीने नेक पुढे वाकली होती. अशा गिटारवर तारा उंच राहतात आणि नवशिक्याची बोटं सोलून निघतात.

पण हा दोष सहसा सुधारतो. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते, ती अ‍ॅलन कीने पाव-पाव फेरा आवळली की नेक सरळ होते. तिथला खाचा झिजून गोल झालेला नाही ना, एवढं मात्र बघून घ्यायचं. तो शाबूत होता. शेवटाकडून डोळा लावून पाहताना नेकला पीळ दिसला असता, तर गिटार तिथेच ठेवून निघायचं होतं. पीळ काढायला लागणारा खर्च अशा गिटारला परवडत नाही.

मग अ‍ॅम्प लावून तिने स्विच एकेका पिकअपवर नेला आणि पिकअपच्या लोखंडी टोकांवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवला. तिन्ही ठिकाणी "टक" ऐकू आलं, म्हणजे पिकअप जिवंत होते. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखर होत होती आणि जॅक हलवला की आवाज जात होता. दोन्ही दोष किरकोळ आहेत. नॉबची खरखर बहुतेकदा क्लीनरच्या फवाऱ्याने जाते, जॅक बदलता येतो. फ्रेटवर तारांच्या खोल खाचा पडलेल्या नव्हत्या, हे महत्त्वाचं, कारण फ्रेट बदलण्याचं काम महागात पडतं.

घासाघीस करताना तिने गिटारला नावं ठेवली नाहीत, फक्त दुरुस्ती मोजून दाखवली. "काका, तारा गंजल्यात, जॅक बदलायचाय, नेक सेट करून घ्यायचीय. चार हजारला द्या." ते म्हणाले, "साडेपाच, शेवटचं." सौदा 4,800 ला ठरला. तिने कागदावर तारीख, रक्कम, गिटारमागचा सीरियल नंबर आणि विक्रेत्याची सही घेतली. माल चोरीचा निघाला, तर आपण तो कुठून घेतला हे दाखवायला एवढा कागद हवाच. विक्रेता सही द्यायला तयार नसेल, तर वस्तू घेऊ नये.

दुरुस्ती करणाऱ्याने नवा जॅक, नॉबची सफाई आणि पूर्ण सेटअप मिळून 1,100 घेतले. तारांचा संच 450, पट्टा आणि पिकं 250. अ‍ॅम्प धरून एकूण 8,300 झाले. तारा तिने सेटअपच्या आधीच नेऊन दिल्या, आणि तसंच करावं. तारांची जाडी बदलली की नेकवरची ओढ बदलते आणि सेटअपचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. हातात राहिलेल्या 1,200 मधून तिने त्याच जाडीचा आणखी एक संच आणून ठेवला, कारण नवशिक्याच्या हातून सर्वांत बारीक तार हमखास तुटते.