पगारातून कापले ते सगळे कर नव्हेत

प्रश्न : मी सिद्धगडची. मुरबाड एमआयडीसीत पहिली नोकरी. पगार १८,००० रुपये, पण इंग्रजी स्लिपवर पीएफ १,४४०, ईएसआय १३५, पीटी २०० कापलेत. एवढा कर?

उत्तर : ताई, यात कर एकच आहे, पीटी म्हणजे व्यवसाय कर, आणि नेमका तोच चुकलेला दिसतो. महाराष्ट्रात एप्रिल २०२३पासून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही. या पगाराला दोनशेचा दर पुरुषांचा. नोंदीत लिंग चुकीचे पडले असावे, तेव्हा लेखा विभागाकडे लेखी दुरुस्ती मागा. ईएसआय हा एकूण पगाराच्या ०.७५ टक्के, उपचारांच्या विम्याचा हप्ता. पीएफ मूळ पगाराच्या, तुमच्या १२,०००च्या, १२ टक्के. ‘तो नको, रोख द्या’ असे वाटेल. पण मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,०००पर्यंत असेल तर तो सक्तीचा आहे. शिवाय कंपनीलाही तेवढेच भरावे लागतात, त्यातला मोठा वाटा पेन्शनकडे जातो. मात्र स्लिपवर कापलेली रक्कम जमा झालीच, असे नाही. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. यूएएन क्रमांक मागून घ्या आणि त्यानंतर पासबुक उघडून १,४४० आलेत का पाहा.