हेलियमची ऊर्जा: एका अंदाजाचे गणित

हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असतो, म्हणून त्याचे श्रोडिंजर समीकरण पूर्ण सुटते आणि मूळ अवस्थेची, म्हणजे सर्वांत कमी, ऊर्जा −१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. हेलियममध्ये फक्त एक इलेक्ट्रॉन वाढतो, पण ते दोघे एकमेकांना दूर ढकलतात आणि समीकरण कागदावर नेमके सोडवता येत नाही. अशा वेळी व्हेरिएशनल पद्धत वापरतात. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी तिच्यातील अवघड संकलने करून दिली. पुढचे गणित दहावीच्या वर्गसमीकरणाचे आहे, म्हणून ते येथे मांडतो.

पद्धत अशी: खरे तरंगफलन माहीत नाही, तर एक पटण्यासारखे चाचणी तरंगफलन निवडायचे आणि त्यावरून सरासरी ऊर्जा काढायची. ही सरासरी खऱ्या किमान ऊर्जेपेक्षा कधीच खाली जात नाही. का, ते सांगतो. कोणतेही चाचणी तरंगफलन हे अणूच्या खऱ्या अवस्थांचे मिश्रण असते, आणि त्याची ऊर्जा ही त्या अवस्थांच्या ऊर्जांची सरासरी असते. आपल्या हाउसमधील सर्व कॅडेट्सच्या धावण्याच्या वेळांची सरासरी काढली, तर ती सर्वांत वेगवान कॅडेटच्या वेळेपेक्षा कमी येईल का? नाही. तसेच हे आहे. त्यामुळे दोन अंदाजांपैकी ज्याची ऊर्जा खाली, तो खऱ्या ऊर्जेच्या अधिक जवळ.

आता हेलियम घेऊ. त्याच्या केंद्रकावर +२ प्रभार आहे. पण प्रत्येक इलेक्ट्रॉनला तो पूर्ण जाणवत नाही, कारण दुसरा इलेक्ट्रॉन मध्ये येऊन त्याचा काही भाग झाकतो. म्हणून दोन्ही इलेक्ट्रॉनांसाठी हायड्रोजनसारखेच तरंगफलन घेतले, फक्त प्रभाराच्या जागी z हे अक्षर ठेवले. z किती, ते नंतर ठरवायचे. सरासरी ऊर्जेत तीन भाग येतात. १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे एकक धरले, तर दोघांची गतिज ऊर्जा २z², केंद्रकाच्या आकर्षणाची ऊर्जा −८z आणि दोघांमधील प्रतिकर्षणाची ऊर्जा १.२५z. आकर्षणाच्या पदात केंद्रकाचा खरा प्रभार २ धरलेला आहे, कारण z हा केवळ तरंगफलनाच्या आकारातला आकडा आहे, केंद्रक बदललेले नाही. बेरीज केली की:

E = १३.६ × (२z² − ६.७५z)

आधी z = २ ठेवून पाहू, म्हणजे झाकणे धरायचेच नाही. कंसात ८ − १३.५ = −५.५ येते आणि ऊर्जा −७४.८ मिळते. आता सर्वांत खालची किंमत शोधू. पूर्ण वर्ग केला की कंस असा होतो:

२(z − १.६८७५)² − ५.६९५

वर्ग ऋण होत नाही, म्हणून z = १.६८७५ असताना ऊर्जा सर्वांत कमी, −७७.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणजे एक इलेक्ट्रॉन दुसऱ्यापासून केंद्रकाचा सुमारे ०.३१ प्रभार झाकतो.

प्रयोगात हेलियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला २४.६ आणि दुसरा काढायला ५४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणून खरी ऊर्जा −७९.० आहे. एकच आकडा बदलून आपण तिच्यापासून १.५ वर आलो, आणि नियमाप्रमाणे वरच राहिलो.

हा नियम उत्तर तपासायलाही उपयोगी पडतो. समजा कोणी प्रतिकर्षणाचे पद लिहायचे सोडले. मग z = २ ला ऊर्जा −१०८.८ येते, म्हणजे खऱ्या ऊर्जेच्या बरीच खाली. असे उत्तर दिसले की तरंगफलनाला दोष द्यायचा नाही. ऊर्जेचे एखादे पद सुटले आहे किंवा आकडेमोड चुकली आहे, हे निश्चित समजायचे.

एका मर्यादेकडे मात्र लक्ष हवे. z = १.६ घेऊन पाहा: ऊर्जा −७७.२ येते. z पाच टक्क्यांनी चुकला, पण ऊर्जा फारशी हलली नाही, कारण आलेखाच्या तळाशी वक्र जवळजवळ सपाट असतो. म्हणून ऊर्जा चांगली आली, एवढ्यावरून तरंगफलनही तितकेच चांगले आहे, असे म्हणता येत नाही.

उरलेले १.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट कुठे गेले? आपल्या तरंगफलनात प्रत्येक इलेक्ट्रॉनला फक्त केंद्रकापासूनचे अंतर कळते. दुसरा इलेक्ट्रॉन आत्ता कोणत्या बाजूला आहे, हे त्याला कळत नाही. खरे इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात. z कितीही बदलला तरी हे टाळणे त्यात येणार नाही. १९२९ साली नॉर्वेच्या एगिल हिलेरास यांनी तरंगफलनात दोन इलेक्ट्रॉनांमधील अंतरच घातले, आणि उत्तर प्रयोगाच्या अगदी जवळ आले.