फवारणीपूर्वी वाचावयाचे दोन आकडे

सकाळची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के व दुपारची ४३ टक्के, असा अंदाज वाचला की दुपारी हवेतील बाष्प निम्म्यावर येणार असा समज होतो. प्रत्यक्षात सकाळी २४ अंश सेल्सिअस आणि दुपारी ३६ अंश तापमान असेल, तर दोन्ही वेळी बाष्प जवळजवळ तेवढेच असते. दुपारच्या उष्ण हवेची बाष्प सामावण्याची क्षमता मात्र सुमारे दुप्पट झालेली असते, म्हणून टक्का घसरतो. अशी हवा पाणी झपाट्याने शोषते. फवाऱ्याचे बारीक थेंब पानावर पोहोचण्यापूर्वीच आटू लागतात आणि वाऱ्याबरोबर भरकटतात.

उष्णता निर्देशांक पिकासाठी नाही, किडीसाठी तर नाहीच; तो माणसासाठी आहे. घाम वाळला तरच शरीर थंड होते आणि दमट हवेत तो वाळत नाही. म्हणूनच विदर्भातील ४० अंश तापमान २० टक्के आर्द्रतेत साधारण तेवढेच भासते, तर कोकणातील ३४ अंश ७० टक्के आर्द्रतेत सुमारे ४७ अंशांसारखे जाणवते. केवळ कमाल तापमान पाहून कोकणातील दिवस सौम्य ठरवणे धोक्याचे आहे.

हा निर्देशांक सावली व मंद वारा गृहीत धरून काढला जातो. भर उन्हात त्यात ८ अंशांपर्यंत भर पडू शकते. फवारणी करणाऱ्याच्या अंगावरील संरक्षक पोशाखाचा हिशेब तर त्यात मुळीच नसतो.