आभारपत्र : न वाचलेल्या शिफारसपत्राबद्दल

प्रस्तावना

परदेशी विद्यापीठात प्रवेशासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी अर्ज करताना शिक्षकांचे शिफारसपत्र लागते. हे पत्र बहुधा गोपनीय असते. विद्यार्थ्याने अर्जात शिक्षकांचे नाव व ई-मेल पत्ता लिहिला की विद्यापीठाकडून शिक्षकांना संदेश जातो आणि शिक्षक आपले पत्र परस्पर विद्यापीठाकडे पाठवतात. म्हणजे ज्या पत्राबद्दल विद्यार्थ्याने आभार मानायचे, ते त्याने वाचलेलेच नसते. मग आभार कशाचे मानावेत? पुढील नमुनापत्र या दृष्टीने वाचा.

नमुनापत्र

इंदूर,
दि. 18 मार्च 2024

आदरणीय बाई यांस,
सा. न. वि. वि.

भूजलशास्त्राच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी एरास्मुस मुंडुस शिष्यवृत्ती मला मिळाल्याचे काल कळले. शिक्षणशुल्क भरावे लागणार नाही आणि दरमहा 1400 युरो निर्वाहभत्ता मिळेल. घरी सांगितल्यावर पहिले पत्र आपल्यालाच लिहावयास बसले.

परदेशी शिक्षण आपल्या ऐपतीबाहेरचे, असे मी धरूनच चालले होते. "नकार त्यांना देऊ दे, तू आधीच का देतेस?" असे आपण म्हणालात आणि शिष्यवृत्तीची माहिती माझ्यासमोर ठेवलीत. त्या दिवशी मी अर्ज करण्याचे ठरवले.

माझ्या प्रकल्पात मी 24 विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट केवळ उन्हाळ्यात मोजले होते. पावसाळ्यानंतर त्याच विहिरींचे पाणी पुन्हा तपासावयास आपण मला पाठवलेत. तेव्हा मला ते कष्टाचे वाटले. परंतु सहा विहिरींत नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेल्याचे त्या दुसऱ्या तपासणीतच दिसले. मुलाखतीत मला याच फरकाविषयी सर्वाधिक विचारले गेले.

शिफारसपत्र लिहिण्यापूर्वी आपण माझ्या नोंदवह्या मागवून घेतल्या होत्या. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम चालू असतानाही मुदतीच्या दोन दिवस आधी आपले पत्र पोहोचल्याची नोंद मला अर्जावर दिसली. आपण काय लिहिलेत हे मला ठाऊक नाही. त्यासाठी आपण दिलेला वेळ मात्र मला ठाऊक आहे. त्याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे.

सप्टेंबरमध्ये जाण्यापूर्वी भेटावयास येईन. पहिल्या सत्राचा वृत्तान्तही कळवीन.

आपली विद्यार्थिनी,
अ. ब. क.

आशय समजून घेऊ

पत्राच्या आरंभीच निकाल सांगितला आहे. शिफारस करणाऱ्या शिक्षकांना विद्यापीठ निकाल कळवीलच असे नाही. तो विद्यार्थ्यानेच कळवावा लागतो. निवड झाली नसती तरीही हे पत्र लिहिणे आवश्यक होते. तेव्हा पहिला परिच्छेद आणि शेवटचा बेत बदलला असता. शिक्षिकेने घेतलेले श्रम तेच राहिले असते.

आता मधले तीन परिच्छेद पाहा. त्यांत बाईंच्या तीन कृती आहेत : अर्जास प्रवृत्त करणे, पुन्हा तपासणीस पाठवणे आणि वेळेत शिफारस करणे. प्रत्येक कृतीपुढे तिचा परिणाम किंवा पुरावा आला आहे. 'आपण थोर मार्गदर्शक आहात' हे वाक्य कोणालाही लिहिता येते. पावसाळ्यानंतरच्या तपासणीचे वाक्य मात्र याच विद्यार्थिनीला, याच बाईंना लिहिता येते. एखादे वाक्य दुसऱ्या शिक्षकांना तसेच पाठवता येत असेल, तर ते पोकळ आहे असे समजावे.

'आपले शिफारसपत्र फार सुंदर होते' असे विद्यार्थिनीने लिहिलेले नाही, कारण तिने ते वाचलेले नाही. 'आपल्या पत्रामुळेच माझी निवड झाली' असेही ती म्हणत नाही. निवड कशामुळे झाली हे तिला कळण्याचा मार्ग नाही. जे तिला ठाऊक आहे तेवढेच ती सांगते, म्हणून तिची कृतज्ञता खरी वाटते.

या पत्रात नवी विनंतीही नाही. आणखी एखादे प्रमाणपत्र हवे असल्यास त्यासाठी स्वतंत्र पत्र लिहावे. आभारांच्या शेवटी मागणी आली, की आधीचे आभार तिचीच प्रस्तावना वाटू लागतात.

'सा. न. वि. वि.' म्हणजे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. हा मायना वडीलधाऱ्यांसाठी आहे. बरोबरीच्या व्यक्तीस 'स. न. वि. वि.', म्हणजे 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष', असे लिहितात.

स्वाध्याय

1. विद्यार्थिनीची निवड झाली नाही असे समजून पत्राचा पहिला व शेवटचा परिच्छेद पुन्हा लिहा.
2. 'आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही' या वाक्याऐवजी आपल्या एखाद्या शिक्षकांची एक कृती व तिचा परिणाम सांगणारी दोन वाक्ये लिहा.