शाळेची गाडी गेली की

अगं, परवा सांगवीला आले होते ना, तेव्हापासून तुझी ती मानेला हात लावून बसायची सवय डोळ्यासमोरून हलत नाही. लॅपटॉप जेवायच्या टेबलावर, बाजूला धाकटीची चित्रकलेची वही, मधेच सासूबाईंची गोळ्यांची वेळ. रात्री भांडी आवरताना तू म्हणालीस, "ताई, मला दिवसातून वीसच मिनिटं मिळतील, त्यात काय होणार?" तेव्हा सगळी जागी होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. आज बोलते.

पहिलं म्हणजे पाचचा गजर लावू नकोस. मी लावला होता. नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी मुलाला ताप आला, रात्रभर जागरण झालं आणि तो गजर बंद झाला तो कायमचा. झोपेतून कापून घेतलेली वीस मिनिटं घरात पहिली अडचण आली की परत झोपेकडेच जातात. तू साडेपाचला उठतेसच, त्याच्या मागे जायला जागा नाही.

तुझ्या दिवसात एक फट आहे, ती मी त्या दोन सकाळी बघितली. सात दहाला मुलांची गाडी जाते. तू फाटकातून परत येतेस, ओट्यापाशी उभी राहून फोन बघत चहा घेतेस, मग आंघोळ, आणि साडेनऊला कामाला बसतेस. ही वीस मिनिटं तिथे बसव. घड्याळ बघायचं नाही. गाडी वळली की घरात न शिरता थेट जिन्याने गच्चीवर. चहा खाली आल्यावर. एखादी नवी गोष्ट रोजच्या ठरलेल्या गोष्टीला बांधली की ती आठवावी लागत नाही. लंडनमधल्या विद्यापीठात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला कितीतरी जास्त. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. म्हणून दोन महिने तरी स्वतःला दे, आणि एक दिवस हुकला म्हणून सगळं सोडू नकोस.

गच्चीच का? रस्त्याने चालायला जाशील तर गळीत हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या दणदणत येतात, कडेला पाय ठेवायला जागा राहत नाही. गच्चीवर पाय तुझे आणि वेळही तुझी. फक्त त्या दिवसांत कारखान्याची राख पडते, तेव्हा आधी झाडू फिरव, नाहीतर हात घसरतो. उन्हाळ्यात सात दहालाच ऊन चटकायला लागतं, तेव्हा जिन्याच्या सावलीत ये.

आता वीस मिनिटांत काय करायचं ते सांगते. पहिली चार मिनिटं गच्चीवर झपझप चालायचं. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. मग आठ मिनिटं सूर्यनमस्कार. आपण नीरा ओलांडली की सातारा जिल्हा, आणि त्याच जिल्ह्यातल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी हे नमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले. त्यांची पद्धत दहा स्थितींची होती आणि नमस्काराला मंत्राची जोड असे. त्या मंत्राचा मला आज वेगळाच उपयोग दिसतो. मंत्र मोठ्याने म्हटला की श्वास कोंडता येत नाही आणि घाईही होत नाही. मंत्र नको असेल तर आकडे मोज, पण मोठ्याने. आठ नमस्कार सावकाश, मधे दोन श्वासांची विश्रांती, इतकेच. बारा करायची हौस पहिल्या महिन्यात नको. दुसऱ्या दिवशी मांड्या, पोटऱ्या जड वाटल्या तर चालेल, पण मनगटात किंवा कमरेत टोचलं तर समज, जमिनीवर धाडकन उतरतेस किंवा मान मागे झटकतेस. तेव्हा आठवडाभर हात कठड्यावर टेकवून कर.

पण नमस्कारात एक उणीव आहे, आणि ती नेमकी तुझ्या मानेशी येऊन मिळते. त्यात हात ढकलतात, ओढत काहीच नाहीत. दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून खांदे पुढे येतात, आणि त्यांना मागे धरणारे पाठीचे स्नायू तसेच बिनकामाचे राहतात. म्हणून पुढच्या सहा मिनिटांत तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घे, त्यात दोन लिटर पाणी भर. एक हात कठड्यावर, कमरेतून वाक, पाठ सरळ, आणि कोपर मागे नेत कॅन बरगडीपर्यंत ओढ. दहा-दहा वेळा, दोन्ही हातांनी. मग खुर्चीवर हळूच बसणं आणि हात न टेकता उठणं, दहा वेळा. हे दोन्ही एकदा पुन्हा. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. बारा ओढूनही सहज बोलत असशील तर अर्धा लिटर पाणी वाढव. हा भाग मंगळवार, गुरुवार, शनिवार. बाकी दिवशी त्या सहा मिनिटांत आणखी चालायचं. शेवटची दोन मिनिटं सतरंजीवर पडून राहायचं.

पडून राहायची दोन मिनिटं आणि तीन दिवसांची ताकदीची सहा-सहा मिनिटं वजा केली तर आठवड्याला १०८ मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना अशी झपझप हालचालीची किमान १५० सांगते, आणि शिवाय आठवड्यात निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. राहिलेली ४२ मिनिटं कार्यालयाच्या फोनवर अंगणात झपझप फिरूनही भरतात. सलग दहा मिनिटं केलं तरच मोजायचं, ही जुनी अट त्यांनी २०२० मध्ये काढून टाकली. म्हणून कधी सकाळी लवकर मीटिंग लागली तर फक्त तीन नमस्कार आणि कॅनच्या दहा ओढी, पाच-सहा मिनिटांत. उरलेलं दुपारी. त्या दिवशी गच्चीवर जाणं मात्र झालंच पाहिजे.

आणि एक, जे तू मला सांगितलं नाहीस पण मी ओळखलं. धाकटी झाल्यापासून शिंकताना, हसताना तू पाय आवळतेस. अगं, लघवीचे थेंब जाणं पुष्कळ बायकांना होतं आणि त्यावर उपाय आहे. उड्या सध्या मारू नकोस. पडून राहायच्या त्या दोन मिनिटांत लघवी आणि वायू रोखतो तसे खालचे स्नायू आत-वर ओढ, जमेल तेवढे सेकंद धर, सोड. दहा सेकंदांपर्यंत हळूहळू जा. आठ वेळा. हे दिवसातून तीनदा लागतं, दुसरं दुपारी जेवून बसलीस की, तिसरं झोपताना. तीन महिन्यांत फरक दिसला नाही, किंवा ओटीपोटात जडपणा, काही खाली उतरल्यासारखं वाटलं तर बारामतीत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊ, मी बरोबर येईन. रक्तदाब वाढलेला असेल तर नमस्काराआधी डॉक्टरांना विचारायचं.

सासूबाईंशी मी बोलले आहे. सात दहा ते साडेसात दूधवाला आला तर त्या घेतील. आज रात्री तेलाचा कॅन गरम पाणी नि साबणाने धुऊन जिन्याशी ठेव, आणि शनिवारी सकाळी किती लिटर झालं ते मला कळव.